इला, अनघा, सई की ओवी? दोन्हीकडे चालणारं नाव कसं तपासायचं

"बाळाचं नाव सुचवा ना. इकडे आजीला हाक मारता आली पाहिजे आणि तिकडे शाळेतल्या बाईंनाही नीट म्हणता आलं पाहिजे." परदेशात राहणाऱ्या भावंडांकडून, मित्रमैत्रिणींकडून असा मेसेज तुम्हालाही आलाच असेल. मग फॅमिली ग्रुपवर यादी पडते: मीरा, माया, तारा, रिया, नील, रोहन, जय. त्यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली, "ही तर सगळ्यांचीच असतात." आणि मग ग्रुप थंड.

आज मी नावांची यादी देणार नाही. एखादं नाव दोन्ही भाषांत टिकेल की नाही, हे आधीच कसं ओळखायचं ते सांगणार आहे. मी पुण्यात इंग्रजी उच्चार शिकवते, त्यामुळे माझ्या मावसबहिणीने तिच्या मुलीच्या नावाच्या वेळी मला कामालाच लावलं होतं. ती आणि तिचा नवरा इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतात. त्या गावाचं स्पेलिंग Reading आहे आणि उच्चार 'रेडिंग'. म्हणजे इंग्रजी स्पेलिंग कसं फसवतं याचा धडा त्यांना घरच्या पत्त्यातच मिळाला होता.

त्यांच्याकडे चार नावं होती. इला, अनघा, सई आणि रेवा. चारही सुंदर, छोटी, मराठी. आणि मावशीचं म्हणणं होतं, "यात अवघड काय आहे? गोऱ्या माणसालाही म्हणता येतील की!" तिचं अगदी चूक नव्हतं. तुम्ही एखाद्या इंग्रजाला समोर बसवून "म्हण, इ-ला" असं सांगितलंत तर तो म्हणेल. गोची अशी आहे की मुलीच्या आयुष्यात असं फार कमी वेळा होणार.

कारण मराठी घरात नाव कानातून येतं. आजी ते फोनवर ऐकते, तसंच म्हणते, स्पेलिंगशी तिला काही देणंघेणं नसतं. इंग्लंडमध्ये नाव डोळ्यांतून येतं. शाळेतल्या बाई हजेरीची यादी वाचतात, दवाखान्यात नर्स स्क्रीनवर बघून पुकारते, पुढे नोकरीत कोणीतरी आधी ईमेल बघतं आणि मग हाक मारतं. त्या सगळ्यांनी ते नाव कधी ऐकलेलंच नसतं, त्यांच्यासमोर फक्त चारपाच रोमन अक्षरं असतात. म्हणून "म्हणता येतं का" हा अर्धाच प्रश्न झाला. "न ऐकता, नुसतं वाचून म्हणता येतं का" हा खरा प्रश्न.

मी बहिणीला सांगितलं, ऑफिसात चारपाच जणांना फोनवर ही नावं टाइप करून दाखव. तोंडातून एक शब्द काढू नकोस. फक्त म्हण, हे वाच. आणि ते जे वाचतील ते देवनागरीत लिहून मला पाठव.

इलाचं स्पेलिंग Ila. तीन जणांनी वाचलं 'आयला'.

हो, आयला! आता हसून घ्या. यात त्यांचा दोष नाही. तिकडे Isla नावाच्या मुली भरपूर आहेत, गेली काही वर्षं ते नाव तिथल्या अगदी लोकप्रिय नावांत आहे, आणि त्यातला s मुका असल्याने त्याचा उच्चार 'आयला' होतो. समोर Ila दिसलं की डोळा ओळखीच्या नावाकडे धावतो. उरलेल्या एकीने विचारलं, "हे दोन एल आहेत का?" कारण फोनवरच्या साध्या फॉन्टमध्ये मोठा I आणि छोटा l अगदी सारखे दिसतात. आता कल्पना करा, आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर आहेत आणि मागून नर्सरीतल्या बाई प्रेमाने हाक मारतायत, "आयलाऽऽ!" मावशीने त्या क्षणी इला यादीतून काढलं.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. इंग्रजीत i हे अक्षर सगळ्यात बेभरवशाचं, विशेषतः नावाच्या सुरुवातीला. ईरा हे नाव हल्ली आपल्याकडे खूप आवडतं. पण Ira हे इंग्रजीत आधीपासून असलेलं नाव आहे, उच्चार 'आयरा', आणि ते पुरुषाचं. वर ब्रिटनमध्ये फॉर्मवर कॅपिटलमध्ये IRA लिहिलं की आयर्लंडमधल्या सशस्त्र संघटनेची आद्याक्षरं डोळ्यांसमोर येतात. ईरा आवडत असेल तर Eera किंवा Eira लिहिता येईल असं वाटतं, पण थांबा. Eira हे वेल्श भाषेतलं मुलीचं नाव आहे, अर्थ बर्फ, आणि त्याचा उच्चार 'एयरा'च्या जवळ जातो. Eera मात्र सरळ वाचलं जातं. इंग्रजीत दोन e एकत्र आले की बहुतेक वेळा 'ई'च होते. म्हणूनच Meera हे Mira पेक्षा पक्कं. Mira कोणी 'मायरा' वाचू शकतं, Meera सहसा कोणी चुकत नाही.

आता अनघा. हे नाव मावशीच्या मनात होतं, कारण ते तिच्या सासूबाईंचं. Anagha दाखवल्यावर आलेले उच्चार होते 'अनागा', 'ॲनागा' आणि एक 'अनाहा'. दोन गोष्टी झाल्या इथे. एक म्हणजे gh. आपल्यासाठी तो 'घ', पण इंग्रजीत gh बहुतेक वेळा एक तर नुसता 'ग' असतो किंवा चक्क गप्प बसतो, जसा night मध्ये. इंग्रजीला आपल्या घ, ध, भ यांची ओळखच नाही. म्हणून ध्रुवचा 'ड्रूव' होतो आणि अथर्वमधला 'थ' जिभेचं टोक दातांत घेऊन, think मधल्यासारखा, हवा सोडत म्हटला जातो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. ती म्हणजे जोर. आपण 'अनघा' म्हणतो तेव्हा मधला 'न' झटकन जातो. इंग्रजीत मात्र प्रत्येक शब्दात एका तुकड्यावर जोर द्यावाच लागतो. शेवटी a असलेलं तीन तुकड्यांचं अनोळखी नाव दिसलं की हा जोर बऱ्याचदा मधल्या तुकड्यावर पडतो. Amanda, Rebecca, Maria म्हणून बघा. जोर पडला की तो स्वर लांबतो. म्हणून अनघाचं अनागा, अनयाचं अनाया, अर्चनाचं आर्चाना.

कमला हॅरिस यांच्या नावाचं काय झालं आठवतंय? अर्धी अमेरिका 'कमाला' म्हणत होती. हेच कारण. शेवटी त्यांनी स्वतःच सांगितलं की सुरुवात कॉमा या शब्दासारखी करा. म्हणजे जोर पहिल्या तुकड्यावर आणा. हे सांगितल्यावरही जो उच्चार येतो तो 'कॉमला'सारखा, आपल्या कमलाचा नव्हेच. पण निदान नावाचा ताल तरी राहतो.

यावर सोपा उपाय म्हणजे दोन तुकड्यांचं नाव. दोन तुकड्यांच्या नावांत इंग्रजी माणूस जोर बहुधा पहिल्यावर देतो, आपल्या कानालाही ते खटकत नाही. मी-रा, ली-ना, रे-वा.

आता रेवा आलंच आहे तर बघू. Reva. पाचपैकी चार जण म्हणाले 'रीवा'. कारण Eva. इंग्लंडमध्ये Eva म्हणजे 'ईवा'. त्याच न्यायाने आपली नेहा तिकडे अधूनमधून 'नीहा' होते. बहिणीचा नवरा म्हणाला, Rayva लिहू. वाचायला अगदी बरोबर. पण मग भारतातल्या प्रत्येकाला ते 'रायवा' दिसणार! स्पेलिंग एका बाजूला झुकवलं की दुसऱ्या बाजूला सांडतं, हे इथे छान दिसतं. मला विचाराल तर असं वाकडं स्पेलिंग करण्यापेक्षा दुसरं नाव शोधावं, कारण ती मुलगी जन्मभर दोन्ही बाजूंना समजावत बसेल.

सई तर स्पेलिंगच्या आधीच अडकली. हे नाव रोमन लिपीत नीट मावतच नाही. आपल्याच अभिनेत्री बघा, सई ताम्हणकर Sai लिहितात आणि सई मांजरेकर Saiee. मराठी माणसांचंच यावर एकमत नाही. Sai वाचून इंग्रज म्हणतो 'साय', आणि दक्षिण भारतातला सहकारी समजतो की हा साई नावाचा मुलगा असणार. 'अ'नंतर लगेच 'ई' असा जोड इंग्रजी स्पेलिंगला दाखवताच येत नाही. एकूणच आपला ऱ्हस्व 'अ' ही तिकडची मोठी अडचण. त्यांच्याकडे तो आवाज आहे, cup मध्ये, पण तो u ने लिहितात. आपण a लिहितो आणि ते वाचतात 'ॲ'. म्हणून अन्वीची 'ॲन्वी' आणि मानसची नाही, पण मनवाची 'मॅनवा' होते.

चारही नावं गेली. इथे बहिणीचा धीर सुटला. "मग काय, सगळंच बिघडणार असेल तर काहीही ठेवू!" तेव्हा मी तिला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. प्रत्येक बदल सारखा वाईट नसतो.

इंग्रजीत आपला दंत्य 'त' आणि 'द' नाही. त्यांची जीभ दातांवर न लागता वरच्या हिरडीवर लागते, म्हणून आपल्याला ते 'ट' आणि 'ड' ऐकू येतात. तन्वीची 'टान्वी' होणार, ताराची 'टारा'. अमेरिकेत तर दोन स्वरांमधला t आणखी मऊ पडतो, नीताची 'नीडा' होते. इंग्लंडच्या दक्षिण भागात स्वरानंतरचा r खातात, म्हणून अर्णव 'आऽनव'. पण गंमत बघा, वर्गात कोणी 'टारा' म्हटलं तर ताराला कळतं की आपल्याला बोलावतायत. नावाचा सांगाडा तोच आहे, फक्त एक व्यंजन थोडं सरकलंय. उलट इलाला 'आयला' किंवा अनघाला 'अनागा' म्हटलं की स्वर बदलला, ताल बदलला, ते दुसरंच नाव झालं. म्हणून माझा हिशोब असा की त, द, र सरकले तर चालवून घ्या. स्वर आणि जोर मात्र वाचणाऱ्याला पहिल्याच फटक्यात जमले पाहिजेत. ळ, ण, ज्ञ आणि ऋ मात्र सोडून द्या, तिथे सांगाडाच राहत नाही.

हे कळल्यावर शोध उलटा सुरू होतो. आधी नाव आणि मग त्याचं स्पेलिंग असं नाही. दोन्ही भाषांना सहज जमणारे आवाज घ्यायचे आणि त्यातून मराठी शब्द शोधायचा. म, न, ल, व, स, श हे दोन्हीकडे बिनबोभाट चालतात. स्वरांमध्ये 'ई' ee ने किंवा शब्दाच्या शेवटी i ने, 'ऊ' oo ने, आणि 'ओ' o ने बऱ्यापैकी पक्का मिळतो. तुकडे दोनच. आणि या वाटेने गेलं की माया-तारा-नीलच्या पलीकडची नावंही सापडतात. एका रात्री बहिणीच्या नवऱ्याने ग्रुपवर टाकलं: ओवी.

ओवी! ज्ञानेश्वरी ज्या छंदात आहे तो छंद, जात्यावर बायका म्हणायच्या ती ओवी. इतकं मराठी नाव की दुसऱ्या भाषेतल्या लोकांना त्याचा अर्थ सांगावा लागेल, पण उच्चार सांगावा लागू नये अशी आशा. मग परत परीक्षा. Ovi. पाचपैकी चौघांनी न अडखळता 'ओव्ही' म्हटलं, एकाने 'ऑव्ही'. त्यांचा 'ओ' थोडा गोल फिरतो, 'ओउ'सारखा, पण ते चालण्यातलं.

मग मी दुसरी परीक्षा घ्यायला लावली, उलट्या दिशेची. कॉफीच्या दुकानात जा, ऑर्डर देताना नाव सांग 'ओवी' आणि कपावर काय लिहितात ते बघ. पहिल्यांदा आलं Obi. याचं कारण आपल्या तोंडात आहे. मराठी 'व' म्हणताना आपले वरचे दात खालच्या ओठावर जेमतेम टेकतात, कधी टेकतच नाहीत. इंग्रजी v ला दात ओठावर घासून थोडी घरघर लागते. ती नसली की गोंगाटात त्यांना b किंवा w ऐकू येतो. दुसऱ्यांदा तिने दात टेकवून 'ओव्ही' म्हटलं आणि कपावर आलं Ovie. हे असं शेवटी एखादं अक्षर वाढणं चालतं, "e नाही" एवढं सांगितलं की काम होतं.

एक अडचण निघालीच. ऑफिसातल्या एकाने विचारलं, "मुलगा का?" ब्रिटनमध्ये Ovie नावाचे पुरुष आहेत, ते नायजेरियातून आलेलं नाव. टीव्हीवरच्या एका शोमुळे तिथल्या तरुणांना ते माहीतही आहे. बहिणीला यात काही वाटलं नाही. पण हा प्रश्न परीक्षेत मुद्दाम विचाराच, "हे मुलाचं वाटतं की मुलीचं?" कारण मुलग्यांच्या बाबतीत हे जास्त होतं. आदित्य, अथर्व, शौर्य यांचं स्पेलिंग आपण a ने संपवतो, आणि इंग्रजी डोळ्याला शेवटचा a म्हणजे मुलगी. आदित्यला शाळेतून मुलीच्या नावे पत्र आलं तर नवल नाही. व्यंजनावर थांबणारी नावं, नील, रोहन, ईशान, यातून सुटतात.

आता मराठी बाजू. तिचीही परीक्षा असते, आपण ती घेतच नाही कारण आपल्याला वाटतं घरचंच आहे. नावाला प्रत्यय लावून बघा. नीलला, लीलाला, मोठ्याने म्हणा. जीभ एका 'ल'वरून दुसऱ्यावर घसरते ना? रोज शंभर वेळा म्हणायचंय हे. ओवीला, ओवीचं, ओवीने, सगळं सरळ. मग लांबून हाक मारून बघा. "ओवीऽऽ, ये गं जेवायला." शेवटचा स्वर लांबवता येतो, म्हणून हाक पोचते. आणि लाडाचं नाव काय निघेल? ते आपण ठरवत नाही, पण अंदाज येतो. मावशीने दोन मिनिटांत 'ओवू' केलं. तिच्या तोंडात नाव बसलंय याची माझ्या मते याहून चांगली खूण नाही.

राहिलं अनघा. त्यावर मावशी दोन दिवस गप्प होती. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, पण इंग्लंडमध्ये असा नियम नाही. मधली नावं एकापेक्षा जास्त ठेवता येतात आणि ती कोणाचीही असू शकतात. शिवाय हजेरी घेताना मधलं नाव सहसा वाचत नाहीत. म्हणजे जे नाव तिकडच्या तोंडाला झेपत नाही पण घराला हवंय, त्याला ही जागा अगदी बरोबर. ओवी, मग अनघा, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. मोठं झालं, पण फॉर्मवर मावलं.

वेळेचं गणितही सांगते, कारण घाईत स्पेलिंग बिघडतं. इंग्लंडमध्ये जन्माची नोंद 42 दिवसांच्या आत करावी लागते, स्कॉटलंडमध्ये 21. बारसं बाराव्या दिवशी केलंत तरी इंग्लंडमध्ये नंतर महिनाभर मिळतो. या परीक्षा त्या महिन्यात होऊ शकतात, बाळाला त्या दिवसांत काहीही म्हटलं तरी चालतं. नोंदीनंतरही पहिलं नाव बदलायची सोय 12 महिन्यांपर्यंत आहे, पण जुनं नाव पुसलं जात नाही. नवं नाव त्याच नोंदीत वेगळ्या रकान्यात चढतं आणि दोन्ही दिसत राहतात. पुढे पासपोर्टवर, मग तो भारतीय असो की ब्रिटिश, या दाखल्यावरचंच स्पेलिंग जातं. म्हणून सही करण्याआधी रजिस्ट्रारच्या स्क्रीनवरचं नाव एकेक अक्षर करून वाचायचं. बहिणीने वाचलं तेव्हा तिथे Ovie होतं. तिने e काढायला लावला आणि मग सही केली.